डेबिट कार्ड बंद केल्यानंतर : खात्यातील आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची फोड

डेबिट कार्ड हरवले की पहिली धावपळ ते बंद करण्याची असते आणि ती योग्यच आहे. बँकेच्या मदत क्रमांकावरून कार्ड बंद झाल्याचा संदेश आला की बहुतेक मंडळी निश्चिंत होतात. वास्तविक खरे काम त्यानंतर सुरू होते. कार्ड हरवल्यापासून ते बंद होईपर्यंत किती रक्कम गेली, बंद झाल्यावरही काही गेली काय आणि त्यापैकी कोणती रक्कम कोणी सोसावयाची, याचा निवाडा खातेउताऱ्यातूनच होतो. किर्द-खतावणी जाणणाऱ्या व्यापारी कुटुंबांना ही फोड अवघड नाही. कोणती वेळ धरून ती करावयाची, एवढे मात्र ठाऊक असले पाहिजे.

सीमारेषा कोणती

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या दायित्वाविषयी परिपत्रक काढले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला सहकारी बँकांनाही तसेच नियम लागू झाले. त्यांतील एक तत्त्व या विषयाचा कणा आहे. ग्राहकाने बँकेला कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसावयाचे. मग आधीची चूक ग्राहकाची असली तरी कळविल्यानंतरच्या रकमेचा भार त्याच्यावर पडत नाही.

कळविण्यापूर्वीच्या रकमेचे मात्र तसे नाही. ग्राहकाने गुप्त अंक कार्डावर लिहून ठेवला असेल किंवा कोणास सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचेच. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रसंगी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार झाली तर ग्राहकावर भार पडत नाही. चार ते सात दिवसांत झाली तर मर्यादित पडतो. बचत खाते किंवा लघुउद्योगाचे चालू खाते असल्यास ही मर्यादा व्यवहारामागे १०,००० रुपये किंवा व्यवहाराची रक्कम, यांपैकी जे कमी ते. सात दिवस उलटल्यावर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे ठरते. दिवस मोजताना संदेश मिळाल्याचा दिवस सोडावयाचा आणि आपल्या शाखेचे कामकाजाचे दिवसच धरावयाचे. हे नियम बँकांना लागू आहेत. पतसंस्था ही बँक नव्हे, म्हणून तिच्या खात्याबाबत ते गृहीत धरू नयेत.

म्हणजे कार्ड बंद झाल्याची वेळ ही सीमारेषा आहे आणि ती तारखेने भागत नाही. तास आणि मिनिट हवे. कार्ड बंद झाल्याचा संदेश, तक्रार क्रमांक आणि मोबाइलमधील कॉलच्या यादीत दिसणारी वेळ, ही तिन्ही साधने त्याच दिवशी जपून ठेवावीत. अ‍ॅपमधील तात्पुरता बंद आणि कार्ड कायमचे रद्द करणे यांतही भेद आहे. हरवलेले कार्ड कायमचेच रद्द करावयास सांगावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कार्ड बंद करा असे सांगणे म्हणजे अमुक व्यवहार माझा नाही असे कळविणे नव्हे. या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिलीने पुढचे दार बंद होते, दुसरीने गेलेल्या रकमेचा दावा सुरू होतो. कार्ड शुक्रवारी बंद केले आणि अनोळखी व्यवहारांची तक्रार पंधरा दिवसांनी केली, तर तीन दिवसांचा लाभ हातचा जातो.

उताऱ्यातील तारखा

खातेपुस्तकात छापलेली तारीख नोंद खात्यात पडल्याची असते. व्यवहार प्रत्यक्ष घडल्याची वेळ तिच्यात नसते. उताऱ्यात बहुधा दोन तारखा असतात, एक नोंदीची आणि दुसरी मूल्याची. त्या नेहमी सारख्या नसतात. व्यवहार आज होऊन त्याची नोंद पुढच्या तारखेस पडलेली आढळू शकते. म्हणून कार्ड बंद झाल्यानंतरच्या तारखेची नोंद म्हणजे बंद झाल्यानंतरचा व्यवहार, असा सरळ अर्थ काढता येत नाही.

वेळेचा खरा पुरावा दुसरीकडे असतो. बँकेचा मोबाइल संदेश हा पहिला, पण नेटवर्क नसल्यास तो उशिरा पोहोचतो. म्हणून संदेशाच्या मजकुरात वेळ असेल तर ती धरावी, तो मोबाइलवर आल्याची वेळ धरू नये. त्याहून भक्कम पुरावा बँकेकडील व्यवहाराची नोंद. व्यवहार कोणत्या क्षणी मंजूर झाला ते तीत असते. उताऱ्यातील संदर्भ क्रमांक देऊन ती लेखी मागावी. संदेश आणि ग्राहकाचे उत्तर केव्हा पोहोचले याची तारीख-वेळ बँकेच्या यंत्रणेत नोंदली गेली पाहिजे, असे परिपत्रकातच म्हटले आहे.

एक उदाहरण

समजा, गेवराईच्या एका किराणा व्यापाऱ्याचे पाकीट शुक्रवारी सायंकाळी बीडहून परतताना बसमध्ये हरवले. खाते एकल मालकीच्या दुकानाचे चालू खाते आहे. घरी आल्यावर त्याच्या लक्षात आले आणि ७ वाजून ४२ मिनिटांनी कार्ड बंद झाले. पुढच्या मंगळवारी त्याने शाखेतून उतारा घेतला. त्यात शुक्रवारपासून सात खर्चाच्या नोंदी आढळल्या, एकूण ३०,५२६ रुपये.

त्याने पहिली चाळणी लावली ती नोंद कार्डाची आहे की नाही याची. सोमवारची १२,००० रुपयांची यूपीआय नोंद त्याने स्वतः घाऊक विक्रेत्यास पाठविलेल्या रकमेची होती. विमा हप्त्याचे २,३४० रुपये खात्यावरील कायमच्या आदेशाने गेले होते. नव्या कार्डाचे शुल्क २३६ रुपये बँकेने आकारले होते. या तिन्हींचा हरवलेल्या कार्डाशी संबंध नाही. कार्ड बंद केल्याने यूपीआय, धनादेश किंवा हप्त्याचे आदेश थांबत नाहीत. म्हणून नंतरच्या तारखेची प्रत्येक नोंद संशयित मानू नये. उलट, कार्डाबरोबर मोबाइलही हरवला असेल तर यूपीआय स्वतंत्रपणे बंद करावे लागते.

दुसरी चाळणी, व्यवहार आपला की अनोळखी. शुक्रवारी दुपारी ४ वाजून १० मिनिटांचे पेट्रोल पंपाचे १,५०० रुपये त्याचेच होते. पावतीही खिशात होती. भागीदार किंवा पत्नीकडे त्याच खात्याचे दुसरे कार्ड असेल, तर याच टप्प्यावर विचारून घ्यावे. नोंदीत कार्डाचे शेवटचे चार अंक दिसत असतील तर तेही जुळवावेत. येथपर्यंत १६,०७६ रुपये बाजूला निघाले आणि तीन अनोळखी नोंदी उरल्या. त्यांची बेरीज १४,४५० रुपये.

तिसरी चाळणी वेळेची. सायंकाळी ५ वाजून ५५ मिनिटांचे ४,८०० आणि ६ वाजून २० मिनिटांचे ४,९५० रुपये. संदेशांतील वेळा स्पष्ट असल्याने ही ९,७५० रुपयांची जोडी सीमारेषेच्या आधीची ठरली. दोन्ही रकमा ५,००० च्या आत आहेत हे लक्षणीय आहे. यंत्राला केवळ टेकवून गुप्त अंकाशिवाय पैसे देण्याची मर्यादा एका व्यवहारास ५,००० रुपये आहे. हरवलेले कार्ड हाती लागलेला माणूस बहुधा याच मार्गाने जातो. त्यामुळे गुप्त अंक वापरला गेला नाही, हा मुद्दा तक्रारीत अवश्य लिहावा. ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा आक्षेप त्याने बराचसा दुबळा होतो.

तिसरी नोंद ४,७०० रुपयांची. उताऱ्यात तारीख शनिवारची, संदेश शुक्रवारी रात्री ८ वाजून १५ मिनिटांनी मोबाइलवर आलेला आणि मजकुरात वेळ नाही. वरवर पाहता ही बंद झाल्यानंतरची. पण मंजुरी ७ वाजून ३० मिनिटांनी झालेली असून संदेश व नोंद उशिरा पडली असण्याचीही शक्यता आहे. ही नोंद आधीची की नंतरची हे ग्राहकाने स्वतः ठरवू नये, ती ‘वेळ निश्चित करावयाची’ अशा तिसऱ्या रकान्यात ठेवावी. मंजुरी ७ वाजून ४२ मिनिटांनंतरची निघाली तर बंद कार्डावर ती झालीच कशी, याचे उत्तर बँकेने द्यावयाचे आणि रक्कमही तिनेच सोसावयाची. आधीची निघाली तर ती पहिल्या जोडीबरोबर जाईल.

व्यापाऱ्याने मंगळवारीच तक्रार दिली. संदेशांचा शुक्रवार सोडला आणि शनिवार शाखेच्या सुटीचा होता असे धरले, तर सोमवार पहिला आणि मंगळवार दुसरा कामाचा दिवस. मुदत बुधवारपर्यंत होती.

तक्रार आणि हिशेबवही

तक्रारीत तीन नोंदी तीन ओळींत याव्यात. तारीख, वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक आणि आधीची, नंतरची की अनिश्चित. शेवटी कार्ड बंद झाल्याची वेळ व तक्रार क्रमांक. सर्व रकमा एकत्र करून १४,४५० रुपये गेले, परत द्या, असे लिहिल्यास आधीच्या रकमेवरील वादात नंतरची निर्विवाद रक्कमही अडकते. नंतरच्या रकमेसाठी ग्राहकाला फक्त वेळ दाखवावयाची असते, तर आधीच्या रकमेत निष्काळजीपणा होता काय याची चौकशी होते. तेथेही ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवरच आहे.

ग्राहकाने कळविल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावयाची असते आणि तिला मूळ व्यवहाराची तारीख द्यावयाची असते. अंतिम निर्णय नव्वद दिवसांत. या दोहोंमधील काळात हिशेबवहीत ही रक्कम खर्चात टाकू नये व मिळालेली म्हणून मिटवूही नये. अनोळखी नोंदी उचंत खात्यावर ठेवाव्यात, तात्पुरती जमाही त्याच खात्यावर घ्यावी आणि लेखी निर्णय आल्यावरच खाते बंद करावे. अन्यथा बँकेने तात्पुरती जमा मागे घेतली, की वर्षअखेरीस खाते व वही जुळत नाहीत आणि कारण कोणास आठवत नाही.

बँकेकडून तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या पोर्टलवर दाद मागता येते. तेथेही प्रथम तीच गोष्ट पाहिली जाईल : कोणती नोंद, किती वाजता आणि बँकेला कधी कळविले.

उतारा एकदाच पाहून मात्र थांबू नये. उशिराच्या नोंदी पडू शकतात, म्हणून कार्ड बंद झाल्यापासून दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक उतारा घ्यावा. त्यात नवी कार्ड-नोंद दिसली तर तीच तीन चाळण्यांची पद्धत पुन्हा लावावी आणि नव्या नोंदीची तक्रार पहिल्या तक्रार क्रमांकाचा उल्लेख करून स्वतंत्रपणे द्यावी, कारण तिच्या तीन दिवसांची गणना तिच्या स्वतःच्या संदेशापासून सुरू होते.