तासाला किती पडतात?

सर्व्हेच्या वेबसाइटवर लॉगिन केले की समोर यादी उघडते. प्रत्येक ओळीत वेळ आणि रक्कम शेजारी शेजारी असतात, उदाहरणार्थ '१५ मिनिटे, ६० रुपये'. आपण मनातल्या मनात हिशेब करतो, चार सर्व्हे म्हणजे एक तास, म्हणजे तासाला २४० रुपये. घरबसल्या, मोबाइलवर, वेळेचे बंधन नाही. महाविद्यालयातली मुले, लहान बाळ असलेल्या आया, निवृत्त मंडळी अशा कितीतरी जणांची सुरुवात याच हिशेबाने होते. त्यातला गुणाकार बरोबर आहे. चूक आहे ती वेळेच्या मोजणीत.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. एक साधी संध्याकाळ घ्या. पहिला सर्व्हे उघडला. वय, शहर, शिक्षण, घरात गाडी आहे का, विमा कोण ठरवते अशी उत्तरे देता देता चार मिनिटे गेली आणि 'या सर्व्हेसाठी तुम्ही पात्र नाही' असा पडदा आला. दुसऱ्यात दोनच मिनिटांत 'कोटा पूर्ण झाला' अशी पाटी दिसली. तिसरा अकरा मिनिटे चालला. बँकेच्या जाहिराती दाखवून झाल्या, मते विचारून झाली आणि मग बाहेरचा रस्ता दाखवला गेला. चौथा पूर्ण झाला, पण १५ ऐवजी २२ मिनिटे लागली. यादी चाळणे आणि प्रोफाइलचे अर्धवट राहिलेले प्रश्न भरणे यात आणखी सहा मिनिटे गेली. एकूण ४५ मिनिटांत हातात ६० रुपये, म्हणजे तासाला ८० रुपये. जाहीर दराचा एक तृतीयांश. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण या क्रमातले काहीही असाधारण नाही. कित्येक संध्याकाळी एकही सर्व्हे पूर्ण होत नाही.

हे असे का होते, ते एकदा समजले की त्रागा कमी होतो आणि निवडही सुधारते. सर्व्हे करवून घेणारी कंपनी पॅनेलला पैसे देते ते पूर्ण झालेल्या मुलाखतीमागे. तिला हवी असतात अगदी विशिष्ट माणसे. समजा गेल्या महिन्यात बाळाचे डायपर विकत घेतलेल्या, मोठ्या शहरांत राहणाऱ्या, २५ ते ३५ वयाच्या चारशे स्त्रिया हव्या आहेत. त्यातही मुंबईच्या इतक्या, नागपूरच्या इतक्या असे कप्पे ठरलेले असतात. कप्पा भरला की पुढची स्त्री कितीही पात्र असली तरी ती कंपनीला नकोच असते. चाळणीला लागलेल्या वेळेचा खर्च कंपनी उचलत नाही, पॅनेलही उचलत नाही. तो उत्तर देणाऱ्याच्या अंगावर पडतो. काही पॅनेल बाहेर काढताना दोन-चार पॉइंट हातावर ठेवतात, एवढेच.

सर्व्हे पूर्ण झाला तरी पैसे पक्के झाले असे नाही. मध्येच एखादा प्रश्न येतो, 'या ओळीत कृपया पूर्णपणे असहमत निवडा.' तो लक्ष तपासण्यासाठी असतो आणि घाईत हमखास चुकतो. इतरांच्या मानाने फारच लवकर संपवणारे, तक्त्यातल्या सगळ्या ओळींत एकाच स्तंभावर टिक करत जाणारे, वय किंवा उत्पन्न दर वेळी वेगळे सांगणारे असे लोक नंतरच्या छाननीत गळतात. ही छाननी कधी कधी काही आठवड्यांनी होते आणि खात्यात जमा झालेले पॉइंट परत काढले जातात. म्हणून खात्यावर दिसणाऱ्या पॉइंटांना कमाई समजू नये. बँकेत किंवा वॉलेटमध्ये आले तेवढेच आपले.

सर्व्हेपेक्षा वेगळा प्रकार म्हणजे मायक्रोटास्क. फोटोतल्या वस्तू ओळखणे, बिलावरचा मजकूर टाइप करणे, आवाज ऐकून लिहून काढणे, दोन वाक्यांतले बरे कोणते ते सांगणे अशी कामे. यातला सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला बाजार म्हणजे २००५ साली सुरू झालेले अ‍ॅमेझॉन मेकॅनिकल टर्क. तिथल्या कमाईचा नेमका हिशेब संशोधकांनी २०१८ साली मांडला. कामगारांनी आपल्या ब्राउझरमध्ये नोंद ठेवणारे साधन बसवले होते, त्यामुळे तोंडी अंदाजावर अवलंबून राहावे लागले नाही. २,६७६ कामगार आणि ३८ लाख कामे यांतून निघालेला मध्यक होता तासाला सुमारे २ डॉलर. अमेरिकेचे संघीय किमान वेतन ७.२५ डॉलर, आणि त्याहून जास्त मिळवणारे निघाले जेमतेम चार टक्के.

त्या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. काम देणाऱ्यांपैकी सरासरी माणूस तासाला ११ डॉलरहून अधिक पडेल असा दर देत होता. मग कामगाराच्या हाती दोनच का? कारण बरा दर देणारे थोडे काम टाकतात आणि कवडीमोलाने करवून घेणारे ढिगाने टाकतात. चांगली कामे काही क्षणांत उचलली जातात. मागे उरतो तो ढीग, आणि नवा माणूस तिथून सुरुवात करतो. शिवाय काम शोधण्यात, नाकारलेल्या कामात आणि अर्ध्यात सोडून दिलेल्या कामात गेलेला वेळ बिनपगारीच असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ७५ देशांतल्या अशा कामगारांची पाहणी करून २०१८ साली अहवाल काढला. त्यात पगारी कामाच्या दर तासामागे सुमारे २० मिनिटे बिनपगारी जातात असे दिसले. दहातल्या जवळपास नऊ जणांचे काम कधी ना कधी नाकारले गेले होते.

भारतातल्या कामगारांसाठी गणित आणखी घट्ट आहे. त्याच संशोधकांच्या पुढच्या अभ्यासात अमेरिकी कामगारांचा मध्यक तासाला ३.०१ डॉलर आणि भारतीयांचा १.४१ डॉलर निघाला. पुष्कळ कामांना 'फक्त अमेरिकेतील रहिवासी' अशी अट असते आणि ती भारतातल्या खात्यातून उचलताच येत नाहीत. अमेरिकेच्या कामाच्या वेळा आपल्या रात्री येतात. १.४१ डॉलर म्हणजे शंभर रुपयांच्या थोडे वर. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरले होते, म्हणजे आठ तास धरले तर तासाला ३९. त्या मानाने शंभर रुपये कमी नाहीत, हे मान्य करायलाच हवे.  फक्त इथे आठ सलग तास काम मिळत नाही, त्यामुळे तासाच्या दराला आठाने गुणून दिवसाची कमाई काढता येत नाही.

टर्कवर टिकलेले लोक एक शिस्त काटेकोर पाळतात. कामात शंका वाटली, सूचना धड नसल्या किंवा पान अडकले, तर काम सादर न करता परत करायचे. परत केल्याने मंजुरीचे प्रमाण घसरत नाही, पण सादर करून नाकारले गेले तर घसरते. पुष्कळ कामांना ९५ टक्के मंजुरीची अट असते. नव्या खात्यात पहिल्या शंभरातली सहा कामे नाकारली गेली की ती दारे बंद होतात. काम देणारा नाकारूनही केलेला मजकूर स्वतःकडे ठेवू शकतो. ही खरी अन्याय्य बाजू आहे. त्यामुळेच २००८ पासून कामगार टर्कॉप्टिकॉन नावाच्या साधनावर काम देणाऱ्यांना गुण देत आले. कोण पैसे बुडवतो, कोण वेळेवर देतो, हे काम उचलण्याआधी कळावे म्हणून.

मग वेळ द्यावा असे काय आहे? माझ्या मते पहिली कसोटी अशी की चाळणी काम दाखवण्याआधी होते की काम सुरू झाल्यावर. ब्रिटनमध्ये २०१४ साली सुरू झालेले प्रोलिफिक हे विद्यापीठांच्या संशोधनासाठीचे व्यासपीठ आधी चाळते. तुमची माहिती एकदा भरून घेतली जाते आणि तुम्ही बसता तेच अभ्यास तुम्हाला दिसतात. तासाचा दर स्वीकारण्याआधीच लिहिलेला असतो आणि किमान ६ पौंड किंवा ८ डॉलरची अट आहे. मर्यादा दोन. एक म्हणजे अभ्यास मोजके येतात, त्यामुळे ही महिन्याच्या खर्चाला हातभार लावणारी रक्कम होते, नोकरी होत नाही. दुसरी म्हणजे नोंदणी ठरावीक देशांतल्या रहिवाशांनाच आणि बहुधा प्रतीक्षायादीतून मिळते. व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाचे नाटक केले तर खाते जाते आणि त्यातली शिल्लकही जाऊ शकते. लंडन किंवा न्यू जर्सीत असलेल्या मराठी मंडळींना हे सोपे आहे. मात्र विद्यार्थी किंवा अवलंबित व्हिसावर असाल, तर असे पैसे घेण्याआधी व्हिसाच्या अटी जाणकाराकडून तपासून घ्याच.

गुगल ओपिनियन रिवॉर्ड्समध्ये थोडेच पैसे मिळतात आणि भारतात ते प्ले स्टोअरचे क्रेडिट म्हणून येतात. पण प्रश्न चार-पाच असतात, अर्ध्या मिनिटात संपतात आणि तुम्ही शोधत बसत नाही, तेच नोटिफिकेशन पाठवतात. तासाने मोजले तर हा दर मोठ्या पॅनेलांपेक्षा सरस पडतो. ज्यांना अ‍ॅप किंवा ई-पुस्तके घ्यायचीच असतात त्यांनी ते ठेवावे.

आपल्या भाषेमुळे उघडलेली एक वाट मला विशेष आशादायक वाटते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूतल्या प्रयोगातून 'कार्या' ही संस्था उभी राहिली. त्या प्रयोगाच्या सुरुवातीच्या काळातले काम पालघर जिल्ह्यातल्या आमले गावात झाले. गावकऱ्यांनी फोनवर हस्तलिखित शब्द टाइप केले, पुढे मराठी वाक्ये वाचून आवाज रेकॉर्ड केले. संशोधनात त्यांच्या रेकॉर्डिंगचा दर्जा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या तोडीचा ठरला. कार्याचा दर तासाला सुमारे ५ डॉलर असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले आहे. इथे मराठी मातृभाषा असणे हीच पात्रता आहे, त्यामुळे दर इंग्रजी कामाच्या ढिगाला बांधलेला नाही. काम मात्र प्रकल्पापुरते असते. आवाजाचा संग्रह पुरा झाला की थांबते.

कुठलीही वेबसाइट निवडली तरी पहिला आठवडा कागदावर दोन वेळा लिहायच्या, बसल्याची आणि उठल्याची. बाहेर काढलेले सर्व्हे, शोधाशोध, ओटीपीची वाट पाहणे, सगळे त्यात धरायचे. आठवड्याअखेरीस शक्य ती सर्वांत छोटी रक्कम लगेच काढून पाहायची. डॉलरमध्ये येणाऱ्या पैशांवर पेपॅलची फी आणि रुपयांत बदलतानाचा दर अशी दोन्हीकडून कात्री लागते आणि छोट्या रकमेला ती जास्त जाणवते. आलेले रुपये भागिले बसलेले तास हा तुमचा दर. तो न पटणारा निघाला आणि किमान रकमेसाठी अजून बरेच पॉइंट लागत असतील, तर आतापर्यंतची मेहनत वाया जाईल म्हणून पुढे रेटू नये.

आणि एक फरक पक्का ओळखायला हवा. वर सांगितलेल्या जागा कमी पैसे देतात, पण त्या तुमच्याकडून पैसे मागत नाहीत. टेलिग्रामवर 'व्हिडिओ लाइक करा, दीडशे रुपये घ्या' असे सांगणारे पहिले दोन-तीन वेळा खरेच पैसे पाठवतात. मग 'प्रीपेड टास्क' येते, आधी हजार भरा आणि तेराशे मिळतील. पुढे रक्कम वाढत जाते आणि पडद्यावर नफा दिसत असतानाच तो काढण्यासाठी 'कर' किंवा 'अनामत' मागितली जाते. डेटा एंट्रीच्या नावाखाली आधी करारावर सही घेऊन, मग 'अचूकता कमी पडली' म्हणत वकिलाच्या नोटिशीची धमकी देऊन पैसे उकळणारेही आहेत. तुमचे बँक खाते कमिशनवर वापरायला मागणारे तर तुम्हाला थेट गुन्ह्यात ओढतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवूनच फोन लावावा.