मोडी शेवटून पहिली

मी बेळगावात मोडी कागदांचं लिप्यंतर करते. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, गहाणखतं देवनागरीत उतरवून देते. पण दोन वर्षांपूर्वी माझं लिंक्डइनचं पान उघडलं असतं, तर हे कुणाला कळलंच नसतं. तिथल्या About मध्ये मी लिहिलं होतं : ‘मराठी-कन्नड-इंग्रजी भाषांतर, टायपिंग, डीटीपी, मुद्रितशोधन, शिकवणी, मोडी लिप्यंतर. वाजवी दर.’ मोडी शेवटून पहिली!

फोन यायचे, पण सगळे एकच विचारणारे : ‘पानाला किती घेता?’ आणि भाव मनात धरलेला टायपिंगचा. मोडी सोडून नुसतं डीटीपीच करावं, असंही वाटू लागलं होतं.

About मध्ये २,६०० अक्षरं मावतात खरी, पण पाहणाऱ्याला आधी वरच्या तीन-चार ओळीच दिसतात. माझ्या त्या ओळी यादीतच संपत होत्या.

मग मी वर्षभरातली कामं वहीत उतरवली. कुणी दिलं, कशासाठी, पैशावरून घासाघीस झाली का? चांगली कामं बहुतेक जमिनीचे दावे चालवणाऱ्या वकिलांची निघाली. त्यांचे प्रश्न दोनच असायचे : कागद वाचता येईल का, आणि किती दिवस लागतील? म्हणून सुरुवात अशी केली :

‘दाव्याच्या फायलीत मोडी कागद आहे, पण वाचणारं कुणी नाही? जमीन आणि वाटणीचे मोडी दस्त मी देवनागरीत उतरवून देते. एका पानाचा स्पष्ट फोटो पाठवा. वाचण्याजोगा आहे का आणि किती दिवस लागतील, ते कळवते.’

त्याखाली कामाची पद्धत लिहिली : ओळीसमोर ओळ, न लागलेला शब्द अंदाजाने न भरता तशी खूण. काय करत नाही तेही लिहिलं : कागद खरा की बनावट, यावर मत देत नाही. पक्षकारांची नावं कुठेच घातली नाहीत. बाकीची कामं खाली Skills मध्ये गेली. इंग्रजीत नुसतं Modi न लिहिता Modi script लिहिलं; नाहीतर शोधणाऱ्यापुढे राजकारणच येतं!

पहिले दोन आठवडे एकही निरोप नाही. जुनी यादी परत टाकावी असं दहादा वाटलं. मग एका वकिलांचा निरोप आला, सोबत वाटणीपत्राच्या पहिल्या पानाचा फोटो. दर त्यांनी शेवटी विचारला. आजही निरोप पूर्वीपेक्षा कमीच येतात, पण बहुतेकांबरोबर फोटो असतो. मजकूर योग्य माणसापर्यंत पोचतोय, हे मी त्यावरून ओळखते.

तुमच्याही पानावरच्या पहिल्या तीन ओळी, नाव झाकून, मैत्रिणीला वाचायला द्या. ‘हिला कुणी फोन करावा?’ एवढंच विचारा. ती ‘कुणीही’ म्हणाली, तर पुन्हा लिहायला बसा.