धान्याच्या पेंढ्या आणि सारणीचे अवयव

उत्तम प्रतीच्या धान्याच्या ३ पेंढ्या, मध्यम प्रतीच्या २ आणि हलक्या प्रतीची १ झोडपली, तर ३९ मापे दाणे निघतात. उत्तम २, मध्यम ३ आणि हलकी १ असेल तर ३४ मापे, आणि उत्तम १, मध्यम २, हलक्या ३ असतील तर २६ मापे. मग प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीत दाणे किती? हे गणित चीनमधल्या ‘गणिताची नऊ प्रकरणे’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातले आहे. इ. स. २६३ मध्ये लिउ हुइ या गणितज्ञाने त्यावर भाष्य लिहिले. तिथे हे गणित पाटावर मोजकाड्या मांडून सोडवले जाई. एका समीकरणाच्या आकड्यांतून दुसऱ्याचे आकडे वजा करत जायचे आणि एकेक अज्ञात संख्या बाद करायची. शाळेत आपण दोन चलांची समीकरणे ज्या रीतीने सोडवतो, तीच ही रीत.

समीकरणांतली चलांची नावे गाळून नुसते सहगुणक चौकटीत मांडले, की सारणी म्हणजेच मॅट्रिक्स तयार होते. तिला A म्हणू.

```
      ३  २  १
A  =  २  ३  १
      १  २  ३
```

या सारणीच्या ओळींवर तीनच प्रकारच्या क्रिया करायची मुभा असते. दोन ओळींची अदलाबदल करता येते, एखाद्या ओळीला शून्य सोडून कोणत्याही संख्येने गुणता येते आणि एका ओळीची कोणतीही पट दुसऱ्या ओळीत मिळवता येते. वजाबाकी हा शेवटच्याच क्रियेचा भाग, कारण पट ऋण असू शकते. या क्रिया समीकरणांवर केल्या तरी उत्तर बदलत नाही, एवढे मोजकाड्या हलवणाऱ्यांनाही पक्के ठाऊक होते. मात्र केलेली क्रिया हीच एक वस्तू म्हणून हातात धरायची, तर आधी दोन सारण्यांचा गुणाकार म्हणजे काय हे ठरायला हवे. ते काम इंग्लंडमधल्या आर्थर केली यांनी १८५८ मध्ये त्यांच्या सारण्यांवरच्या निबंधात केले.

गुणाकाराचा नियम बहुतेक विद्यार्थी ‘ओळ गुणिले स्तंभ’ असा पाठ करतात. तो बरोबरच आहे, पण इथे त्याच नियमाकडे वेगळ्या बाजूने पाहावे लागते. A च्या डावीकडे एखादी सारणी लिहून गुणले, तर गुणाकाराची प्रत्येक ओळ A च्याच ओळींच्या मिश्रणातून तयार होते, आणि मिश्रणाचे प्रमाण डावीकडच्या सारणीच्या त्या ओळीत लिहिलेले असते. डावीकडची दुसरी ओळ ‘−२, १, ०’ असेल, तर तिचा अर्थ असा: पहिल्या ओळीची −२ पट घ्या, दुसरी ओळ एकदा घ्या, तिसरी घेऊ नका. म्हणजे दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा करा.

यावरून एखाद्या क्रियेची सारणी कशी मिळवायची हे लगेच कळते. जिच्या कर्णावर १ आणि बाकी सगळीकडे ० असते, त्या एकक सारणीवर ती क्रिया करायची. जी सारणी मिळेल तिने डावीकडून गुणणे, हीच ती क्रिया. अशा सारण्यांना प्राथमिक सारण्या म्हणतात. ‘दुसरीतून पहिलीची दुप्पट वजा’ या क्रियेची सारणी E आणि ‘पहिली-तिसरीची अदलाबदल’ या क्रियेची सारणी P अशी दिसते:

```
      १  ०  ०             ०  ०  १
E  =  −२ १  ०       P  =  ०  १  ०
      ०  ०  १             १  ०  ०
```

यात डावी बाजू सोडून चालत नाही. हीच E उजवीकडून गुणली तर ओळींना हात लागत नाही, बदल स्तंभांत होतो. चिनी पाटावर प्रत्येक समीकरण उभे मांडत, त्यामुळे त्यांच्या क्रिया आजच्या भाषेत उजवीकडून केलेले गुणाकार ठरतात.

आता पेंढ्यांचे गणित सोडवू. अपूर्णांक टाळण्यासाठी १ ने सुरू होणारी ओळ वर आणू, म्हणजे P ने गुणू. मूळ ग्रंथातल्या रीतीत ही अदलाबदल नाही, ती आपल्या सोयीसाठी आहे. मग E वापरून दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा करू, F वापरून तिसरीतून पहिलीची तिप्पट वजा करू आणि शेवटी G वापरून तिसरीतून नव्या दुसऱ्या ओळीची चौपट वजा करू. टप्पे असे दिसतात:

```
१  २  ३       १   २   ३       १   २   ३
२  ३  १   →   ०  −१  −५   →   ०  −१  −५
३  २  १       ०  −४  −८       ०   ०  १२
```

कर्णाखाली सगळी शून्ये आली. या शेवटच्या सारणीला U म्हणू. आपण जे केले ते एका ओळीत लिहिता येते: GFEPA = U. क्रम नीट पाहा. सर्वांत आधी केलेली क्रिया A ला चिकटून, म्हणजे सर्वांत उजवीकडे आहे, आणि शेवटची सर्वांत डावीकडे. डावीकडून उजवीकडे वाचायच्या सवयीमुळे इथे हमखास घोटाळा होतो.

प्रत्येक प्राथमिक क्रिया मागे फिरवता येते. वजा केलेली दुप्पट परत मिळवता येते, अदलाबदल पुन्हा केली की ओळी जागच्या जागी येतात, १२ ने गुणले असेल तर १२ ने भागता येते. शून्याने गुणायला मनाई आहे ती याचसाठी, कारण तो गुणाकार मागे फिरवता येत नाही. मागे फिरवणारी क्रियाही प्राथमिकच असते आणि तिच्या सारणीला व्यस्त सारणी म्हणतात. अनेक क्रिया मागे फिरवताना जी शेवटी केली ती आधी उलटवावी लागते. म्हणून PA = E⁻¹F⁻¹G⁻¹U.

या तीन व्यस्तांचा गुणाकार स्वतः करून पाहावा असा आहे. त्याला L म्हणू.

```
                      १  ०  ०
L  =  E⁻¹F⁻¹G⁻¹   =   २  १  ०
                      ३  ४  १
```

वजा करताना वापरलेल्या २, ३ आणि ४ या पटी आपापल्या जागी जशाच्या तशा येऊन बसल्या. उलट GFE हा सरळ गुणाकार केला तर तिसरी ओळ ‘५, −४, १’ अशी निघते. हा ५ आपण कुठेही वापरला नव्हता. तो आला याचे कारण, G ने तिसऱ्या ओळीतून चौपट वजा केली ती आधीच बदललेल्या दुसऱ्या ओळीची, आणि त्या ओळीत पहिलीची −२ पट मिसळलेली होती. −३ आणि +८ मिळून ५ झाले. मागे फिरताना हे होत नाही. G⁻¹ आधी काम करते तेव्हा दुसरी ओळ अजून कोरी असते, म्हणून पटी एकमेकींत मिसळत नाहीत. सारण्यांच्या गुणाकारात क्रमाचे मोल काय असते, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला तरी माहीत नाही.

इथे थांबले तरी उपयोग मोठा आहे. समजा, पेंढ्यांची संख्या तीच राहून पुढच्या हंगामात दाण्यांची मापे बदलली. वजाबाक्या पुन्हा करायची गरज नाही, L आणि U हाताशी आहेतच. आपल्याच मापांवर पाहू. अदलाबदलीनंतर ती २६, ३४, ३९ अशी येतात. L मधल्या पटी वापरून ३४ मधून २६ ची दुप्पट गेली की −१८ उरतात. ३९ मधून २६ ची तिप्पट आणि −१८ ची चौपट गेली की ३३ उरतात. U ची शेवटची ओळ सांगते की हलक्या पेंढीची १२ पट म्हणजे ३३, म्हणून एका पेंढीत २¾ मापे. तिथून वर चढत मध्यम पेंढीची ४¼ आणि उत्तम पेंढीची ९¼ मापे मिळतात. ‘नऊ प्रकरणे’ ग्रंथातले उत्तरही हेच आहे. संगणकही रेषीय समीकरणे सोडवताना सर्वसाधारणपणे हेच L आणि U पाडतात. ॲलन ट्युरिंग यांनी १९४८ मध्ये या रीतीत आकडे छाटल्यामुळे साचत जाणाऱ्या चुकांवर शोधनिबंध लिहिला होता. म्हणूनच संगणक स्तंभातला सर्वांत मोठा आकडा वर आणणारी अदलाबदल पसंत करतो. आपण मात्र हाताने करायचे म्हणून १ वर आणला.

पूर्ण अवयव पाडायचे तर U ची एकक सारणी होईपर्यंत पुढे जायचे. दुसऱ्या ओळीला −१ ने गुणायचे, तिसरीला १२ ने भागायचे, मग दुसरीतून तिसरीची पाचपट, पहिलीतून तिसरीची तिप्पट आणि शेवटी पहिलीतून दुसरीची दुप्पट वजा करायची. आधीच्या ४ आणि या ५ मिळून ९ क्रिया झाल्या. त्या ९ क्रियांच्या व्यस्त सारण्या योग्य क्रमाने गुणल्या की A तयार होते, म्हणजे A चे ९ प्राथमिक अवयव पडले. ताळा निश्चयकाने घेता येतो. अदलाबदलीच्या सारणीचा निश्चयक −१, ओळीची पट मिळवणारीचा १ आणि ओळीला गुणणारीचा ती संख्याच. इथे −१, −१ आणि १२ यांचा गुणाकार १२ येतो, आणि A चा निश्चयक सरळ काढला तरी १२ च येतो. ताळा जुळला नाही तर बहुधा एखादी अदलाबदल मोजायची राहिलेली असते.

ही रीत प्रत्येक सारणीवर चालत नाही. तिसरे समीकरण पहिल्या दोघांची नुसती बेरीज असते, तर वजाबाक्या करता करता एक अख्खी ओळ शून्य झाली असती आणि एकक सारणीपर्यंत पोचताच आले नसते. अशा सारणीला व्यस्त नसतो. व्यस्त असलेल्या सारण्यांचा गुणाकार नेहमी व्यस्त असलेलाच येतो, त्यामुळे तिचे प्राथमिक अवयव पडणेही अशक्य. थोडक्यात, जिला व्यस्त आहे तिचेच अवयव पडतात, आणि जिचे अवयव पडतात तिला व्यस्त असतोच.

संख्यांचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, तसे मात्र इथे नाही. वाचकांनी कागदावर एक छोटी सारणी घ्यावी: पहिली ओळ २, ५ आणि दुसरी १, ३. एकदा अदलाबदलीने सुरुवात करून तिचे अवयव पाडावेत, आणि एकदा अदलाबदल न करता, पहिल्या ओळीला २ ने भागून. दोन्ही वेळा चारच अवयव मिळतील, पण ते वेगवेगळे असतील. निश्चयकांचा गुणाकार दोन्हीकडे १ आला, तर निदान चिन्हे आणि भागाकार बरोबर आहेत असे धरावे, आणि मग चारही सारण्या गुणून मूळ सारणी परत येते का ते पाहावे.