साडेसोळा कोटी वेळा एक

मात्रावृत्तात लघु अक्षराची एक मात्रा धरतात आणि गुरू अक्षराच्या दोन. मग चार मात्रांची जागा लघु-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येईल? ललललल नव्हे, तो पाच मात्रांचा झाला. चार मात्रांसाठी लललल, ललग, लगल, गलल आणि गग, अशा पाच तऱ्हा होतात. पाच मात्रांसाठी आठ, सहासाठी तेरा. हेमचंद्राने 1150 च्या सुमारास याचा नियम सांगितला होता की मागच्या दोन संख्यांची बेरीज केली की पुढची मिळते. विरहांकाने तो त्याच्याही काही शतकं आधी मांडला होता. हीच संख्यामाला जग पुढे फिबोनाचीच्या नावाने ओळखू लागलं.

कारण सोपं आहे. शेवटचं अक्षर लघु असेल तर त्याआधी एक मात्रा कमी भरायची असते आणि गुरू असेल तर दोन कमी. संगणकाला हे जसंच्या तसं सांगता येतं:

```python
def matra(n):
    if n <= 1:
        return 1
    return matra(n-1) + matra(n-2)
```

फंक्शनने स्वतःलाच बोलावणं म्हणजे रिकर्शन. इथे ते दोनदा बोलावतं, म्हणून दुहेरी रिकर्शन. चार ओळींचा हा प्रोग्राम अचूक आहे. `matra(5)` विचारलं तर 8 येतं. `matra(40)` विचारलं की मात्र बसून राहावं लागतं. हे का होतं, ते कोडकडे नुसतं बघून कळत नाही, कागद घ्यावा लागतो.

प्रत्येक वेळी फंक्शन बोलावलं की संगणक एक नोंद करतो: या फेरीत `n` किती आहे आणि काम संपल्यावर परत कुठे जायचं. या नोंदीला फ्रेम म्हणतात. फ्रेम एकीवर एक चढत जातात, चिठ्ठ्यांच्या थप्पीसारख्या, आणि फक्त सगळ्यात वरची चिठ्ठी हातात असते. ही थप्पी म्हणजे कॉल स्टॅक. शिकणाऱ्यांचा इथे एक गैरसमज हमखास होतो. अधिकच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंचे कॉल एकदम सुटतात, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. डावीकडचा कॉल, त्याची मुलं, नातवंडं, सगळी उरकून उत्तर हातात आल्याशिवाय उजवीकडचा सुरूच होत नाही.

आता `matra(5)` चालवू. पाचला चारचं उत्तर हवं, चारला तीनचं, तीनला दोनचं, दोनला एकचं. थप्पीत पाच चिठ्ठ्या झाल्या आणि आपण तळाशी पोचलो, कारण `matra(1)` कुणालाही न विचारता 1 परत करतं. ती चिठ्ठी निघून जाते. दोनची चिठ्ठी पुन्हा वर येते आणि आता आपला उजवा कॉल, म्हणजे `matra(0)`, सोडते. तळ गाठला गेला त्या प्रत्येक क्षणी थप्पीत काय होतं ते लिहून काढलं (डावीकडे सर्वांत जुनी चिठ्ठी), तर एवढंच निघतं:

```
5 4 3 2 1
5 4 3 2 0
5 4 3 1
5 4 2 1
5 4 2 0
5 3 2 1
5 3 2 0
5 3 1
```

चौथ्या ओळीपाशी थांबा. चारने `matra(2)` विचारलं आहे. पण दोनचं उत्तर तीनच्या पोटात आधीच काढून झालं होतं. त्याची चिठ्ठी गेली, तिच्याबरोबर ती माहितीही गेली. सहाव्या ओळीत तर अख्खं `matra(3)` नव्याने उलगडतं. एकूण कॉल 15 होतात, त्यांत `matra(2)` तीनदा आणि `matra(1)` पाचदा.

थप्पीची उंची मात्र पाचाच्या वर कधीच गेली नाही. चाळीसलाही ती चाळीसच राहील. म्हणजे प्रोग्राम हळू चालतो तो स्टॅक भरल्यामुळे नव्हे, त्याच्या वर-खाली होण्यामुळे. शिवाय तळाचा प्रत्येक कॉल 1 देतो आणि बाकीचे फक्त बेरीज करतात. म्हणून आठ हे उत्तर म्हणजे आठ वेळा एक. `matra(40)` चं उत्तर 16,55,80,141 आहे आणि संगणक तितके एक खरोखर गोळा करतो, 33 कोटींहून जास्त कॉल करून. `n` पाचने वाढवला की हे काम सुमारे अकरा पट होतं.

उपाय म्हणजे निघालेलं उत्तर वहीत टिपून ठेवणं. एडिंबरामधले संशोधक डोनल्ड मिची यांनी 1968 मध्ये ‘नेचर’मध्ये याला मेमो फंक्शन असं नाव दिलं. त्यावरून मेमोयझेशन हा शब्द रूढ आहे.

```python
vahi = {}

def matra(n):
    if n <= 1:
        return 1
    if n not in vahi:
        vahi[n] = matra(n-1) + matra(n-2)
    return vahi[n]
```

आता पाचपासून तळापर्यंतची पहिली उतरंड तशीच होते, पण परत येताना दोन, तीन, चार यांची उत्तरं वहीत पडत जातात. चारने `matra(2)` विचारलं की ते लगेच परत येतं. पाचने `matra(3)` विचारलं की तेही. कॉल 15 वरून 9 वर आले. हा फरक किरकोळ वाटेल. चाळीसला मात्र 33 कोटींच्या जागी 79 कॉल लागतात.

इथे एक चूक वारंवार दिसते: `vahi = {}` ही ओळ फंक्शनच्या आत लिहिली जाते. मग प्रत्येक कॉलला नवी कोरी वही मिळते. उत्तर बरोबरच येतं, त्यामुळे चूक लपून राहते. ती पकडायची तर फंक्शनच्या सुरुवातीला कॉल मोजणारा एक आकडा ठेवावा. पाचसाठी 15 दिसले तर वही वापरलीच जात नाही.

वहीने थप्पीची उंची मात्र कमी होत नाही. वही कोरी असताना पहिली उतरंड तळापर्यंत जाणारच. पायथॉन साधारण हजार फ्रेमनंतर थांबवतो, म्हणून थेट `matra(5000)` मागितलं तर `RecursionError` येतो. तेव्हा रिकर्शन सोडून खालून वर यावं: एक, एक, दोन, तीन करत, मागचे दोनच आकडे हाताशी ठेवून. हेमचंद्राचा नियम वाचला तर तो याच दिशेने मोजतो.

सगळ्याच दुहेरी रिकर्शनला हे औषध लागू पडत नाही. मर्ज सॉर्टही स्वतःला दोनदा बोलावतं, पण यादीचे दोन वेगळे अर्धे घेऊन. तिथे टिपलेलं उत्तर सहसा कुणी पुन्हा विचारतच नाही, वही नुसती फुगते.

वरच्या आठ ओळींकडे पुन्हा पाहिलं तर आणखी एक मर्यादा दिसते. आकडा एकने उतरला की लघु, दोनने उतरला की गुरू आणि शेवटी 1 उरला तर आणखी एक लघु, असं वाचा. `5 4 2 0` म्हणजे लगग, अर्थात शेवटच्या अक्षराकडून. त्या आठ ओळी म्हणजे पाच मात्रांच्या आठ तऱ्हाच आहेत. छंदःशास्त्रात तऱ्हा किती, या मोजणीला संख्या म्हणतात आणि त्या एकेक करून मांडण्याला प्रस्तार. वही नसलेलं फंक्शन संख्या विचारली असताना गुपचूप सगळा प्रस्तार फिरून येत होतं. वहीमुळे ती फेरी वाचते. पण पादाकुलकाच्या सोळा मात्रांचा प्रस्तारच हवा असेल, तर 1597 ओळी लिहाव्याच लागतील, वही असो वा नसो.