मूळ घराच्या गणपतीची वर्गणी

मालवणकडे भावकीचा गणपती बहुधा मूळ घरातच बसतो आणि खर्च मुंबईतल्या चाकरमान्यांसह सगळ्या घरांत वाटला जातो. समजा, मूर्ती, माटवीचं सामान, भटजींची दक्षिणा आणि जेवणं मिळून २४,००० रुपये झाले आणि घरं सहा, तर प्रत्येकी ४,००० आले. पैसे गोळा करणारा एकच असावा. त्याने आपला क्यूआर कोड ग्रुपवर टाकावा आणि पाठवणाऱ्याने शेऱ्यात घराचं नाव लिहावं. रकमा सारख्याच असल्याने खरा गोंधळ इथेच होतो: मुलाने वडिलांचा वाटा भरला, तर खात्यात नाव मुलाचं दिसतं. स्क्रीनशॉटवर विसंबू नये, कारण अडकलेला व्यवहारही त्यात भरल्यासारखा वाटू शकतो. आपल्या बँकेच्या नोंदीत बारा अंकी यूपीआय क्रमांक सापडला की मगच वहीत खूण करावी. यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. म्हणून राहिलेल्यांना सरळ फोन करावा. काकींनी गावात रोख दिलेला वाटाही त्याच दिवशी त्याच वहीत चढवावा.