रांगेतील पहिला आणि आपण

राष्ट्रीय शेअर बाजाराच्या ‘को-लोकेशन’ प्रकरणात ज्या दलाली पेढीचे नाव सर्वाधिक गाजले, ती ओपीजी सिक्युरिटीज ही पेढी दिल्लीची. २०१८ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला तोही दिल्लीत. साहजिकच राजधानीच्या परिसरात, विशेषतः निवृत्तांच्या गप्पांत, हे प्रकरण अजून निघते आणि त्याच्या शेवटी एकच प्रश्न येतो : यंत्रे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात सौदे उरकत असतील, तर भविष्यनिर्वाह निधीचे पैसे शेअरमध्ये ठेवणारा आपल्यासारखा माणूस लुबाडला जातो आहे काय? उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. पण ते रुपया-पैशांत मात्र देता येते.

प्रथम त्या प्रकरणात नेमके घडले काय ते पाहू. बाजाराचा संगणक सौदे जुळवताना दोनच गोष्टी पाहतो : चांगला भाव आणि भाव सारखा असल्यास आधी आलेली ऑर्डर. म्हणजे रांगेतील क्रमांकाला किंमत आहे. दिल्ली ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. तेव्हा दिल्लीहून निघालेली ऑर्डर मुंबईला पोहोचून उत्तर परत येण्यास, सरळ तार टाकली तरी, जवळजवळ बारा मिलिसेकंद लागणारच. तंतू कितीही उत्तम असला तरी हा वेळ वाचत नाही. वाचवायचा तर यंत्रच मुंबईत न्यावे लागते. राष्ट्रीय शेअर बाजाराने २०१० च्या सुमारास आपल्याच आवारात भाड्याने जागा देण्यास सुरुवात केली ती यासाठी. दलालाने आपला संगणक तेथे ठेवायचा आणि भावांची इत्थंभूत माहिती तेथेच घ्यायची. याचेच नाव को-लोकेशन. यात बेकायदा काही नव्हते.

घोळ झाला तो माहिती वाटण्याच्या पद्धतीत. सरकारी कचेरीत वावरलेल्याला ती चटकन उमगेल. एखादे परिपत्रक शिपायाने टेबलाटेबलावर फिरून द्यायचे ठरले, तर पहिल्या टेबलावरचा माणूस शेवटच्याच्या आधी ते वाचणारच. बाजाराचा सर्व्हर त्या काळी भावांची माहिती अशीच एकेकाला क्रमाने देत असे आणि सकाळी जो आधी जोडला जाईल त्याचे टेबल पहिले. शिवाय काही सर्व्हरवर गर्दी कमी असे आणि अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवलेल्या सर्व्हरवर तर फारच कमी. ओपीजी या राखीव सर्व्हरला वारंवार जोडली गेली होती, असे सेबीच्या चौकशीत दिसून आले. पुढे बाजाराने ध्वनिक्षेपकासारखी, सर्वांना एकाच वेळी माहिती सोडणारी पद्धत स्वीकारली. २०१५ मध्ये एका निनावी जागल्याच्या पत्राने हा सारा प्रकार बाहेर आला.

३० एप्रिल २०१९ च्या आदेशात सेबीने बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्यास सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ती रक्कम रद्द ठरवून, पुरेशी दक्षता न बाळगल्याबद्दल १०० कोटी भरण्यास फर्मावले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीनेच, संगनमताचा पुरेसा पुरावा नाही असे म्हणून बाजाराविरुद्धची आणि त्याच्या माजी अधिकाऱ्यांविरुद्धची कारवाई आटोपती घेतली. गैरव्यवस्था सिद्ध झाली, कारस्थान सिद्ध झाले नाही. या दोहोंतील फरक आपल्या चर्चांत सहसा पुसला जातो, म्हणून तो नोंदवला.

आता हिशेब. समजा, आपण आठशे रुपये भावाचे सव्वाशे शेअर, म्हणजे एक लाख रुपयांचे, दहा वर्षांसाठी घेत आहोत. आपली ऑर्डर वाटेत असताना यंत्राला ती दिसत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. यंत्राला जाहीर झालेले भाव इतरांच्या आधी दिसतात, एवढेच. वायदे बाजारात भाव हलला की ते लगोलग शेअरचा स्वस्त माल उचलते आणि आपल्याला पुढचा भाव पडतो. ही घसर एका पायरीची, म्हणजे पाच पैशांची धरली, तर आपले नुकसान सव्वासहा रुपये. दोन पायऱ्यांची धरली तर साडेबारा. त्याच खरेदीवर रोखे व्यवहार कर शंभर रुपये आणि मुद्रांक शुल्क पंधरा रुपये, ते कोणी मनावरही घेत नाही. हीच रक्कम म्युच्युअल फंडात वितरकामार्फत ठेवली आणि थेट योजनेपेक्षा एक टक्का अधिक खर्च पडला, तर वर्षाला हजार रुपये जातात, दरवर्षी. दहा वर्षांसाठी घेणाऱ्याला अतिजलद यंत्राचा भार किती, याचे प्रमाण यावरून कळावे.

फंडाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याला पाच लाख शेअर घ्यायचे असतील तर ती चाळीस कोटींची खरेदी. तिचा सुगावा लागून भाव दशांश टक्का चढला तरी चार लाख रुपये गेले. म्हणून फंडही अल्गोरिदमच वापरतात. मोठी ऑर्डर शेकडो तुकड्यांत, दिवसभरात विखरून टाकणारे. तरीही काही खर्च उरतो आणि तो युनिटच्या मूल्यातच मुरतो, वेगळा दिसत नाही. त्याचा अंदाज घ्यायचा तर फंडाच्या मासिक पत्रकातील ‘पोर्टफोलिओ टर्नओव्हर’ हा आकडा पाहावा. फंड जितकी उलाढाल अधिक करील तितक्या वेळा हा खर्च पडेल.

सामान्य माणसाला खरी इजा होते ती घाईच्या ऑर्डरमुळे. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका पेढीच्या कर्मचाऱ्याने चुकून साडेसहाशे कोटींहून अधिक रकमेच्या विक्रीच्या ऑर्डर टाकल्या आणि निफ्टी क्षणार्धात सुमारे नऊशे अंकांनी कोसळला. व्यवहार थांबले, थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाले आणि संध्याकाळपर्यंत निर्देशांक आदल्या दिवसाच्या आसपास परतला. ज्याने दिवसभर पडद्याकडे पाहिलेच नाही त्याचे काही गेले नाही. अशा क्षणी मिळेल त्या भावाने विकणारी ‘स्टॉप-लॉस’ ऑर्डर लावून ठेवलेली असेल, तर मात्र ती तळाच्या भावाला विकली जाऊ शकते आणि तो शेअर परत येत नाही. ‘मार्केट ऑर्डर’ऐवजी भाव स्वतः लिहिणारी ‘लिमिट ऑर्डर’ द्यावी ती यासाठी.

आणि दुसरे ठिकाण, वायदे व ऑप्शन. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार, मार्च २०२४ अखेरच्या तीन वर्षांत तेथे उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. उलट २०२३-२४ मध्ये विदेशी गुंतवणूकदारांना झालेल्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या पेढ्यांच्या नफ्यापैकी ९६ टक्के अल्गोरिदमच्या सौद्यांतून आला. ज्या यंत्राने लाखाच्या खरेदीवर आपले सहा रुपये नेले असते, त्याच यंत्रासमोर माणूस येथे दररोज समोरासमोर बसतो.

अलीकडे गुरुग्राम-नोएडाच्या सोसायट्यांत ‘महिना अमुक टक्के’ देणारा तयार अल्गोरिदम विकणारेही फिरू लागले आहेत. सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच असे परताव्याचे दावे करणाऱ्यांशी संबंध ठेवण्यास दलालांना मनाई केली. फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार असा अल्गोरिदम दलालामार्फत बाजाराकडे नोंदवावा लागतो, आणि ज्याची आतली रीत ग्राहकाला दाखवली जात नाही असा अल्गोरिदम देणाऱ्याने संशोधन विश्लेषक म्हणून सेबीची नोंदणी घ्यावी लागते. सेबीच्या संकेतस्थळावर ही नोंदणी पाच मिनिटांत पडताळता येते. विक्रेत्याकडे तिचा क्रमांक मागून पाहावा.