शेजारच्या क्षणी शून्य

उपग्रह वाहिनीचा सिग्नल प्रयोगशाळेतल्या टेबलावर तपासताना मी ऑसिलोस्कोपची तार आधी मॉड्युलेटरच्या आतल्या, आकार दिलेल्या सिग्नलला लावतो. पडद्यावर आय डायग्राम दिसतो, पण डोळा अर्धवट मिटलेला असतो. नवखे इंजिनीअर इथे हमखास दचकतात आणि उपकरण बिघडलं असं समजतात. तीच तार रिसीव्हरच्या फिल्टरपलीकडे लावली की डोळा स्वच्छ उघडतो.

चौकोनी पल्स पाठवली तर तिचा स्पेक्ट्रम दूरवर पसरतो आणि शेजारच्या वाहिनीत घुसतो. तो आवळला की पल्स काळात लांबते आणि पुढच्या-मागच्या सिम्बॉलांवर चढते. या चढण्याला बंदी घालायची गरज नाही, हे हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये दाखवलं. रिसीव्हर प्रत्येक सिम्बॉल एकाच क्षणी मोजतो. शेजाऱ्याची शेपटी नेमकी त्या क्षणी शून्य असली की झालं. मधल्या वेळात ती कितीही हलो.

रेझ्ड कोसाइन पल्स हेच करते. तिच्या स्पेक्ट्रमची कड कोसाइनच्या वळणाने उतरते. सिम्बॉल-दराच्या अंतरावर त्या स्पेक्ट्रमच्या प्रती मांडल्या, तर एकीचा उतार दुसरीच्या चढाला भरून काढतो आणि बेरीज सपाट येते. ही बेरीज सपाट असणं म्हणजेच काळात शेजारच्या प्रत्येक मोजणीच्या क्षणी शून्य असणं. मात्र हा आकार दोघांत वाटलेला असतो. अर्धा, म्हणजे वर्गमुळाचा फिल्टर ट्रान्समीटरमध्ये, अर्धा रिसीव्हरमध्ये. त्यामुळे गोंगाटही उत्तम गाळला जातो, आणि म्हणूनच पाठवणाऱ्याच्या बाजूला डोळा मिटलेला दिसतो.

उतार किती आडवा ठेवायचा, हे रोल-ऑफ ठरवतो. व्यापलेली बँडविड्थ म्हणजे सिम्बॉल-दर गुणिले (१ + रोल-ऑफ). ३६ मेगाहर्ट्झची पूर्ण जागा धरली, तर जुन्या डीव्हीबी-एसच्या ०.३५ ने सेकंदाला सुमारे २ कोटी ६७ लाख सिम्बॉल बसतात. डीव्हीबी-एस२ च्या ०.२० ने ३ कोटी.

हे जादा सिम्बॉल फुकट येत नाहीत. मोजणीच्या क्षणापासून साडेचार सिम्बॉल दूरही ०.२० ची शेपटी शिखराच्या सुमारे ३ टक्के उरते, ०.३५ ची जेमतेम ०.२ टक्के. म्हणून फिल्टर लांब लागतो, तो आखूड कापला तर शून्यं जागेवर राहत नाहीत. डोळाही आडवा अरुंद होतो, म्हणजे घड्याळ जरा सरकलं तरी शेजारी मोजणीत मिसळतात.

मला सर्वांत जपावंसं वाटतं ते उपग्रहावरच्या अॅम्प्लिफायरपाशी. अनेक शेपट्या एकदम जुळल्या की सिग्नलची शिखरं उंचावतात, अॅम्प्लिफायर ती चेपतो आणि कष्टाने घडवलेली कड बिघडते. स्पेक्ट्रम अॅनालायझरवर मुख्य पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खांदे उगवलेले दिसतात. मग अपलिंकची पॉवर थोडी थोडी उतरवावी लागते, खांदे ठरवलेल्या मर्यादेखाली जाईपर्यंत.